विश्लेषण : टायट्रेशनच्या जर्नलमध्ये ‘शून्य टक्के त्रुटी’ संशयास्पद का ठरते?

जालना : प्रॅक्टिकलची परीक्षा जवळ आली की रसायनशास्त्राच्या जर्नलमध्ये एक ओळ हमखास दिसते, ‘शेकडा त्रुटी = ०.००%’. तीन वाचनं सारखी आणि उत्तर थेट बाटलीवरच्या लेबलाइतकं. जालना शहरातलं जेईएस महाविद्यालय असो, बारवाले महाविद्यालय असो की अंबड, परतूर, भोकरदनमधली कॉलेजं, विज्ञान शाखेचा विद्यार्थी कधी ना कधी ब्युरेटसमोर उभा राहतोच. गंमत अशी की, इतकी नेटकी ओळच परीक्षकाला थांबायला लावते. कारण ब्युरेट, पिपेट आणि तराजूच्या मर्यादा पाहिल्या, तर अनेकदा शून्य टक्के त्रुटी येणं गणितानेच शक्य नसतं. ते कसं, हे एका साध्या उदाहरणातून पाहू.

प्रयोग कोणता?

प्रयोग ओळखीचा आहे : पोटॅशियम परमँगनेटच्या द्रावणाची मोलॅरिटी ऑक्झॅलिक ॲसिडच्या प्रमाणित द्रावणाने काढायची. बारावीला राज्य मंडळाच्या प्रात्यक्षिकांत तो भेटतो, बी.एस्सी.लाही पुन्हा समोर येतो. परमँगनेट म्हणजे खेड्यात विहिरीत टाकतात तीच जांभळी पूड. तिने टायट्रेशन करायची कल्पना जुनी आहे. १८४६ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मार्गेरित यांनी लोखंडाचं प्रमाण मोजण्यासाठी ही पद्धत मांडली. फायदा हा की वेगळा निर्देशक लागत नाही. ऑक्झॅलिक ॲसिड संपेपर्यंत रंग उडत राहतो आणि पहिला जास्तीचा थेंब पडला की द्रावण फिकट गुलाबी होतं.

परमँगनेट स्वतः प्राथमिक प्रमाणक नाही. शुद्ध स्वरूपात तोलून घेतलं तरी पाण्यात पडल्यावर ते पाण्यातल्या सेंद्रिय अंशाशी हळूहळू क्रिया करतं आणि त्याची तीव्रता उतरते. म्हणून खात्रीचं वजन ऑक्झॅलिक ॲसिडचं घ्यायचं आणि परमँगनेट त्यावरून मोजायचं.

समजा, एका विद्यार्थिनीने २५० मिलीच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये द्रावण करायला ऑक्झॅलिक ॲसिडचे खडे तोलले. ०.०५ मोलर द्रावणासाठी १.५७६ ग्रॅम हवेत. वर्गातला तराजू दोन दशांश स्थळांचा. चमच्याने थोडं कमी-जास्त करता करता आकडा १.६० वर स्थिरावला आणि तिने वजन तेवढंच नोंदवलं. मग १० मिली द्रावण पिपेटने कॉनिकल फ्लास्कमध्ये घेतलं, विरल सल्फ्युरिक ॲसिड घातलं, ६० ते ७० अंशांपर्यंत गरम केलं आणि ब्युरेटमधून परमँगनेट सोडलं. पहिलं, अंदाजासाठीचं वाचन १०.६ मिली आलं. ते बाजूला ठेवून पुढची तीन वाचनं १०.४, १०.३ आणि १०.३. म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, ज्याला मुलं सीबीआर म्हणतात, १०.३ मिली.

शिक्षकांनी सांगितलेली परमँगनेटची मोलॅरिटी ०.०२००.

गणित कुठे घसरतं?

पहिली घसरण तराजूपाशीच होते. पुस्तकात ‘०.०५ मोलर ऑक्झॅलिक ॲसिड’ छापलेलं असतं, म्हणून अनेक जण गणितातही ०.०५ च घेतात. पण वजन १.५७६ नाही, १.६० ग्रॅम आहे. दोन रेणू पाण्यासह या आम्लाचं रेणुभार १२६.०७. म्हणून

मोलॅरिटी = १.६० ÷ १२६.०७ ÷ ०.२५० = ०.०५०७७

हा फरक दीड टक्क्याचा आहे. शेवटी त्रुटीचं उत्तरच तेवढ्या घरात येणार आहे, त्यामुळे तो सोडून देण्यासारखा नाही.

दुसरी घसरण प्रमाणात होते. क्रिया अशी आहे :

2MnO₄⁻ + 5C₂O₄²⁻ + 16H⁺ → 2Mn²⁺ + 10CO₂ + 8H₂O

पाच मोल ऑक्झॅलिक ॲसिडला दोन मोल परमँगनेट लागतं. १० मिली द्रावणात ऑक्झॅलिक ॲसिड ०.५०७७ मिलिमोल आहे. त्याला लागणारं परमँगनेट याच्या दोन पंचमांश, म्हणजे ०.२०३१ मिलिमोल. ते १०.३ मिलीमध्ये होतं, म्हणून

मोलॅरिटी = ०.२०३१ ÷ १०.३ = ०.०१९७

अनेकांच्या जर्नलमध्ये इथे थेट M₁V₁ = M₂V₂ लिहिलेलं सापडतं. ते सूत्र एकास एक क्रियेसाठीच चालतं. इथे वापरलं तर उत्तर ०.०४९३ येतं, म्हणजे बरोबर अडीच पट. असं अडीच पटीने चुकलेलं उत्तर दिसलं की हात नाही, समीकरण चुकलंय, हे लगेच ओळखावं. नॉर्मॅलिटीने केलं तर N₁V₁ = N₂V₂ चालतं, कारण तिथे इलेक्ट्रॉनांचा हिशेब आधीच धरलेला असतो. मात्र त्यानंतर परमँगनेटची नॉर्मॅलिटी पाचने भागायला विसरायचं नाही. ०.०९८६ भागिले ५, पुन्हा ०.०१९७.

आपल्याकडे हे गणित लॉग टेबलने सोडवतात, आणि तिथेही एक नेहमीची चूक होते. ०.२०३१ चा लॉग बार १.३०७७, आणि १०.३ चा १.०१२८. वजाबाकीत मँटिसा .२९४९ राहतो. पूर्णांक भाग मात्र ‘बार एक वजा एक’ म्हणजे बार दोन असतो. घाईत तो शून्य लिहिला की अँटिलॉग १.९७ येतो आणि उत्तर शंभर पटीने वाढतं. हे कागदावर न पकडता रसायनशास्त्रानेही पकडता येतं. साध्या खोलीच्या तापमानाला पाण्यात परमँगनेट जेमतेम ०.४ मोलरपर्यंतच विरघळतं. १.९७ मोलरचं द्रावण बाटलीत असणंच शक्य नाही.

त्रुटी कशी काढायची, किती अंकांपर्यंत?

शेकडा त्रुटी म्हणजे आलेली किंमत वजा खरी किंमत, भागिले खरी किंमत, गुणिले शंभर. छेदात खरी किंमत, आणि वजाबाकी याच क्रमाने. विद्यार्थिनीचं उत्तर न तोडता ०.०१९७२ असं ठेवलं तर त्रुटी −१.४ टक्के येते. आधी ०.०१९७ करून मग काढली तर −१.५ येते. म्हणून मधल्या पायऱ्यांत एक अंक जास्त ठेवावा आणि तोड शेवटीच करावी.

कॅल्क्युलेटरवर १.४२८५७१ असे अंक दिसतात, ते सगळे जर्नलमध्ये उतरवायचे नसतात. ब्युरेटचं वाचन तीन अंकांचं असताना उत्तरात सात अंक आले कुठून? त्यामुळे −१.४% एवढंच पुरतं. उणे चिन्ह मात्र लिहायचंच. जर्नल तपासताना सर्वांत जास्त वेळा गाळलेलं आढळतं ते हेच चिन्ह, आणि प्रयोगात काय घडलं हे सांगणारा भाग नेमका तोच असतो.

आता ही −१.४ टक्के त्रुटी जास्त की कमी? यासाठी उपकरणांच्या मर्यादा एकत्र मांडाव्या लागतात. दोन दशांशांचा तराजू १.६० ग्रॅमवर ०.०१ ग्रॅम इकडेतिकडे होऊ शकतो, म्हणजे ०.६ टक्का. १० मिलीच्या ‘बी’ वर्गाच्या पिपेटला ०.०४ मिलीची सूट असते, म्हणजे ०.४ टक्का. ब्युरेटवर ०.१ मिलीच्या रेषा असतात, सुरुवातीचं आणि शेवटचं अशी दोन वाचनं घेतली जातात, प्रत्येकात अर्धी रेष चुकू शकते. म्हणजे १०.३ मिलीवर ०.१ मिली, साधारण एक टक्का. सगळं एकाच दिशेने चुकलं तर दोन टक्के होतात. −१.४ या हद्दीत बसते. विद्यार्थिनीने काही बिघडवलेलं नाही. तिच्या हातात जी साधनं होती, त्यांनी एवढीच खात्री दिली.

आता तिने वजन न धरता ०.०५ च घेतलं असतं तर? उत्तर ०.०१९४ आणि त्रुटी −२.९ टक्के. उपकरणांच्या हद्दीबाहेर गेलेला हा आकडा पाहून तिला वाटलं असतं की आपण टायट्रेशन चुकवलं. खरं तर चुकलं होतं फक्त वजन विसरणं.

मग शून्य टक्के का जमत नाही?

शून्य टक्के त्रुटी यायची तर उत्तर ०.०२०० यायला हवं. तिच्या वजनाला त्यासाठी ब्युरेट रीडिंग १०.१५ मिली लागतं. पण रेषा आहेत १०.१ आणि १०.२ च्या. १०.१ लिहिलं तर त्रुटी +०.५ टक्के, १०.२ लिहिलं तर −०.५ टक्के. रेषेवरची वाचनं देणाऱ्या ब्युरेटने या वजनाला शून्य गाठता येत नाही. दोन रेषांच्या मधोमध डोळ्याने अंदाज घेऊन १०.१५ लिहिता येईल, पण मग प्रत्येक वाचन तसंच अर्ध्या रेषेचं नोंदवलेलं असायला हवं. बाकी सगळी एका दशांशाची आणि एकच १०.१५, हे पटत नाही.

ज्यांना उत्तराकडून मागे यायचं असतं, ते अजून सोपा मार्ग धरतात. ते ०.०५ मोलर धरून तिन्ही वाचनं १०.०, १०.०, १०.० अशी लिहितात. ०.२ भागिले १० म्हणजे ०.०२०० आणि त्रुटी शून्य. पण त्याच पानावर वर वजन १.६० ग्रॅम लिहिलेलं असतं. त्या वजनाला १०.० मिली म्हणजे मोलॅरिटी ०.०२०३, आणि त्रुटी +१.५ टक्के. वजन आणि सीबीआर दोन्ही एकाच पानावर असल्यामुळे व्हायवाला परीक्षकाला हे कॅल्क्युलेटरवर दहा सेकंदांत दिसतं. वजनही १.५७६ लिहून बदललं, तर दोन दशांशांच्या तराजूवर तिसरा दशांश आला कसा, हा पुढचा प्रश्न येतो.

चिन्हावरून चूक कशी ओळखायची?

या प्रयोगात परमँगनेटचं घनफळ छेदात आहे. म्हणून गरजेपेक्षा जास्त परमँगनेट गेलं की उत्तर खाली येतं आणि त्रुटी उणे होते, कमी गेलं की अधिक होते. हे एकदा लक्षात आलं की हातून काय घडलं, त्याचा शोध सोपा होतो.

उणे त्रुटीची नेहमीची कारणं ब्युरेटपाशी सापडतात. ब्युरेट पाण्याने धुतली पण परमँगनेटने खळबळली नाही, तर आतलं पाणी द्रावण पातळ करतं. तोटीत राहिलेला हवेचा बुडबुडा मध्येच सुटला, तर ब्युरेटमधली पातळी उगाच खाली जाते. परमँगनेट गडद असल्याने त्याचा खालचा वक्र दिसत नाही, म्हणून वरची कड वाचतात. सुरुवातीला वरची आणि शेवटी खालची अशी कड वाचली, तरी ब्युरेट रीडिंग वाढून दिसतं. कॉनिकल फ्लास्क ऑक्झॅलिक ॲसिडने खळबळला तर त्यात मोजलेल्या १० मिलीच्या वर चार थेंब उरतात आणि परमँगनेटही त्यांच्या हिशेबाने जास्त लागतं. कॉनिकल फ्लास्क फक्त पाण्याने धुवायचा. पिपेट आणि ब्युरेट मात्र त्यांच्या त्यांच्या द्रावणाने.

तापमानाची चूक दोन्ही बाजूंनी जाते आणि ती डोळ्यांना दिसते. द्रावण पुरेसं गरम नसेल किंवा सल्फ्युरिक ॲसिड कमी पडलं, तर गुलाबी रंगाऐवजी तपकिरी गढूळपणा येतो. तो मँगनीज डायऑक्साइडचा असतो. तिथे परमँगनेट पाचऐवजी तीनच इलेक्ट्रॉन घेतं, म्हणून ते जास्त लागतं आणि त्रुटी उणे येते. तपकिरी झालेलं टायट्रेशन तिथेच थांबवून पुन्हा घ्यावं, ते वाचन सुधारत नाही. उलट द्रावण उकळलं, तर काही ऑक्झॅलिक ॲसिडच विघटित होतं, परमँगनेट कमी लागतं आणि त्रुटी अधिक होते.

सुरुवातीचा पहिला थेंब टाकल्यावर रंग उडायला वेळ लागतो, ते पाहून अनेकांची घाई होते. क्रियेला गती देणारा मँगनीज आयन क्रियेतूनच तयार होत असतो, म्हणून पहिले काही थेंब सावकाश घ्यायचे. पुढे रंग झटकन उडू लागतो. शेवटचा फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला, की थांबायचं.

अधिक त्रुटीचं एक कारण मराठवाड्यातल्या पाण्याशी जोडलेलं आहे. जालन्याच्या खाली बेसॉल्ट आहे, आणि बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळलेलं असतं, कुठे कमी, कुठे जास्त. डिस्टिल्ड वॉटर संपलं म्हणून ऑक्झॅलिक ॲसिडचं द्रावण नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात केलं, तर फ्लास्कमध्ये पांढरट धुरकटपणा येतो. तो कॅल्शियम ऑक्झॅलेटचा असतो. गाळ तळाला बसू दिला आणि वरचं स्वच्छ पाणी पिपेटने घेतलं, तर तेवढं ऑक्झॅलेट मागेच राहतं. लिटरला १०० मिलिग्रॅम कॅल्शियम असलेल्या पाण्यात ते सगळं अवक्षेपित झालं, तर ०.०५ मोलर द्रावणाचं जवळपास पाच टक्के ऑक्झॅलिक ॲसिड कमी होतं. तेवढीच अधिक त्रुटी, आणि तीही सगळ्या बॅचला सारखी. फ्लास्क उजेडाकडे धरून पाहिला तर हे टायट्रेशनआधीच कळतं.

खरी किंमत खरी असते का?

शिक्षकांनी दिलेली ०.०२०० ही किंमत बाटली भरली त्या दिवशीची असते. बाटली उजेडात राहिली किंवा आत तपकिरी पूड बसली असेल, तर परमँगनेट हळूहळू विघटित होत राहतं आणि तीच पूड त्याला आणखी वेग देते. पंधरा दिवसांनी त्या बाटलीचं खरं उत्तर ०.०१९७ असेल, तर विद्यार्थिनीची −१.४ टक्के ही तिची त्रुटी राहत नाही, लेबलाची राहते.

एकट्या जर्नलवरून हे ठरवता येत नाही, पण बॅचच्या आकड्यांवरून येतं. वीस जणांची उत्तरं −१ ते −२ च्या घरात दाटीने असतील तर कारण सामायिक आहे. ते बाटलीत, ऑक्झॅलिक ॲसिडच्या साठ्यात किंवा पाण्यात शोधावं. काहींची +३, काहींची −४ अशी विखुरलेली असतील तर कारण हातांत आहे. खोटं शून्य लिहिणारे पाच-सहा जण निघाले की हा निदानाचा मार्गच बंद होतो. बाटली उतरली आहे हे शिक्षकांना कळायला वाव राहत नाही.

जर्नलमध्ये काय लिहायचं?

वजन तराजूवर दिसलं तसं. प्रत्येक वाचनाचे सुरुवातीचे आणि शेवटचे आकडे, फक्त फरक नाही. अंदाजाचं १०.६ खोडायचं नाही, त्याच्यापुढे ‘प्राथमिक’ लिहायचं. एखादं वाचन खरोखर चुकलं असेल तर त्यावर एक रेघ मारून शेजारी कारण. गणितात प्रमाण दोनास पाच दिसलं पाहिजे. उत्तर मोलॅरिटीत ०.०१९७ आणि हवं असेल तर ग्रॅम प्रति लिटरमध्ये ३.१२. त्रुटी −१.४%, चिन्हासह. आणि त्याखाली एक वाक्य, ‘ब्युरेट, पिपेट व तराजूची एकत्रित मर्यादा सुमारे २%, त्रुटी त्या हद्दीत.’

ही हद्द कमी करायची असेल तर महागडी उपकरणं लागतात असं नाही. १० ऐवजी २५ मिलीची पिपेट घेतली की ब्युरेट रीडिंग २५.७ च्या आसपास येतं, आणि तेच ०.१ मिलीचं अंतर एक टक्क्यावरून ०.४ टक्क्यावर उतरतं. परमँगनेट थोडं जास्त खर्च होतं, म्हणूनच बहुतेक बॅचना १० मिलीची पिपेट मिळते.